दहा गुणांच्या उत्तरात 'का' कुठे आहे?

'अल्पाधिकारातील कंपन्या किंमत कमी करण्यापेक्षा जाहिरात, ब्रँड यांसारख्या किंमतेतर स्पर्धेला प्राधान्य का देतात?' अर्थशास्त्राच्या पेपरात दहा गुणांसाठी वरचेवर येणारा हा प्रश्न आहे. सोलापुरात बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना हा विषय शिकवताना आणि त्यांचे पेपर तपासताना मला एक गोष्ट सतत खटकते. उत्तर अल्पाधिकाराच्या, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजाराच्या, व्याख्येने सुरू होते, मग वैशिष्ट्ये येतात, मग किंमतेतर स्पर्धेचे प्रकार: जाहिरात, ब्रँड, आवेष्टन, विक्रीनंतरची सेवा, बक्षीस योजना. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, शेवटी 'अशा प्रकारे' ने सुरू होणारे एक वाक्य. तीन पाने भरतात आणि बऱ्यापैकी गुणही मिळतात. पण प्रश्न 'कसे' असा नव्हता. प्रश्न 'का' असा होता, आणि त्या तीन पानांत 'का'चे उत्तर एका ओळीत उरकलेले असते: 'किंमतयुद्ध टाळण्यासाठी.' किंमतयुद्ध का टाळायचे, जाहिरातीचे युद्ध त्याच कारणासाठी का टाळत नाहीत, यावर एक शब्दही नसतो.

दोष मुलांचा नाही. गाईडमध्ये आदर्श उत्तर म्हणून हेच छापलेले असते आणि तपासणारे आम्ही शिक्षक मुद्द्यांची शीर्षके मोजून गुण देतो. जिथे शीर्षकाला गुण आहे आणि कारणाला नाही, तिथे मुले शीर्षकेच लिहिणार. माझे म्हणणे असे की या प्रश्नाच्या दहापैकी निदान सहा गुण कारणांच्या साखळीला मिळायला हवेत, आणि ती साखळी शालेय गणितावर उभी राहते.

आधी उदाहरणाचा प्रश्न सोडवू. आपल्याकडची मुले उत्साहाने सोलापुरी चादरीचे उदाहरण देतात. चादर गावाची ओळख आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा 'ब्रँड' म्हटले की तीच आठवते. पण हे उदाहरण अल्पाधिकाराचे नाही, आणि ते का नाही हे ज्याला सांगता येते त्याला मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर कळले असे मी समजतो. चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमागधारक शेकड्यांनी आहेत. त्यातल्या एकाने व्यापाऱ्याला चादरीमागे दहा रुपये कमी लावले, तर त्याला मिळालेली जादा ऑर्डर बाकीच्या शेकड्यांकडून थोडी थोडी आलेली असते. कोणा एकाला आपले गिऱ्हाईक गेल्याचे जाणवत नाही, म्हणून कोणी मुद्दाम उलट उत्तरही देत नाही. भाव पाडणाऱ्याला तो पाडल्याचा फायदा मिळतो. शिवाय 'सोलापुरी चादर' हे नाव सगळ्यांचे आहे. एकाने त्याची जाहिरात केली तर फायदा शेजारच्या कारखान्यालाही होतो, मग पदरचे पैसे कोण घालणार? काही कारखान्यांनी स्वतःच्या नावाची छाप पाडलेली आहे हे खरे, पण ती झाली मक्तेदारीयुक्त स्पर्धा. तिथे विक्रेते अनेक असतात आणि एकाच्या चालीवर दुसऱ्याची नजर खिळलेली नसते.

आता त्याच गावातल्या किराणा दुकानात या. साखर पेठेतल्या कोणत्याही दुकानात कपडे धुण्याच्या पावडरीची पुडकी पाहा. नावे आठ-दहा दिसतील, पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर त्यांतली बरीचशी दोन-तीनच कंपन्यांची निघतात. इथे एकाने भाव पाडला की ज्याचे गिऱ्हाईक गेले त्याला ते नेमके कोणाकडे गेले हे कळते. परस्परावलंबन हा शब्द मुले पाठ करून लिहितात, त्याचा अर्थ एवढाच आहे. आदर्श उत्तराची पहिली पायरी ही: विक्रेते थोडे आहेत, म्हणून प्रत्येक चाल दिसते, म्हणून प्रत्येक चालीला उत्तर येते.

दुसरी पायरी आकड्यांची. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. दोन कंपन्या आहेत, दोघींचे पाकीट 100 रुपयांना विकले जाते, ते तयार करण्याचा खर्च 70 रुपये आहे आणि प्रत्येकीची रोजची विक्री 1,000 पाकिटे आहे. पाकिटामागे 30 रुपये सुटतात, म्हणजे रोजचा नफा प्रत्येकी 30,000 रुपये.

पहिलीने भाव 90 केला आणि दुसरी गप्प राहिली असे धरू. पहिलीची विक्री 1,800 झाली, दुसरीची 400 वर आली. पहिलीला आता पाकिटामागे 20 रुपयेच सुटतात, तरी नफा 36,000 होतो. मोह आहे तो इथे. पण दुसरीचे काय? तिचा नफा 30,000 वरून 12,000 वर आला. तिनेही भाव 90 केला तर गिऱ्हाईक पुन्हा सारखे वाटले जाईल. भाव उतरल्यामुळे एकूण मागणी थोडी वाढली असे धरून प्रत्येकीची विक्री 1,100 मानू. 1,100 पाकिटे, 20 रुपयांनी, 22,000. दुसरीसमोर 12,000 आणि 22,000 यांतून निवड आहे, तेव्हा ती भाव उतरवणारच. आणि पहिलीला हे आधीच कळते. 36,000 चे स्वप्न फार दिवस टिकणार नाही, हाती 22,000 राहतील आणि ते आजच्या 30,000 पेक्षा कमी आहेत, म्हणून ती भावाला हात लावत नाही. 'किंमतयुद्ध टाळण्यासाठी' या दोन शब्दांमागे एवढा हिशेब आहे, आणि परीक्षेत तो चार-पाच ओळींत मांडता येतो.

उलट बाजूही पाहायला हवी. पहिलीने भाव 110 केला तर दुसरीला तिच्या मागे जाण्याचे कारण नाही. पहिलीची विक्री समजा 500 वर आली. पाकिटामागे 40 रुपये सुटूनही नफा 20,000. म्हणजे भाव वर नेला तरी नुकसान, खाली आणला तरी नुकसान. पॉल स्वीझी यांनी 1939 साली बाकदार मागणी वक्र मांडला तो याच दोन वाक्यांवर: वाढवलात तर कोणी मागे येत नाही, घटवलात तर सगळे मागे येतात. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनीही उद्योजकांशी बोलून अशीच मांडणी केली होती.

आकृतीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण सर्वांत जास्त गुण इथे विनाकारण जातात. प्रचलित किमतीच्या वरचा मागणी वक्राचा भाग पसरट असतो, खालचा उभा. अनेक मुले हे उलटे काढतात. तपासायची सोपी खूण अशी की कोपरा आरंभबिंदूपासून दूर, उजवीकडे वर रोखलेला दिसला पाहिजे. तो आत वळला असेल तर आकृती चुकली. दुसरी चूक म्हणजे सीमांत प्राप्तीची, म्हणजे एक जादा पाकीट विकल्याने वाढणाऱ्या प्राप्तीची, रेषा सलग काढणे. बाकाच्या बरोबर खाली ती तुटलीच पाहिजे, आणि ती का तुटते हेही आपल्याच आकड्यांतून दिसते. भाव 110 असताना विक्री 500 आणि प्राप्ती 55,000. भाव 100 असताना विक्री 1,000 आणि प्राप्ती 1,00,000. जादा 500 पाकिटांमुळे 45,000 आले, म्हणजे पाकिटामागे 90 रुपये. भाव 90 केला तर विक्री 1,100 आणि प्राप्ती 99,000. जादा 100 पाकिटे विकूनही हजार रुपये कमीच आले, म्हणजे पाकिटामागे उणे 10. बाकाच्या अलीकडे 90, पलीकडे उणे 10. मधली सगळी जागा रिकामी आहे आणि सीमांत खर्च त्या रिकाम्या जागेत कुठेही फिरला तरी भाव 100 च राहतो. पाकिटाचा खर्च 70 वरून 85 झाला असे धरा. भाव 100 ठेवला तर नफा 15,000, 110 केला तर 12,500. भाव हलत नाही. किंमत ताठरता म्हणतात ती ही.

बहुतेक उत्तरे इथे संपतात आणि पुढे थेट 'म्हणून कंपन्या जाहिरात करतात' असे लिहितात. ही उडी मला मान्य नाही. भाव हलवणे परवडत नाही एवढ्यावरून जाहिरात परवडते हे सिद्ध होत नाही. तिसरी पायरी वेगळी मांडावी लागते: भावाला उत्तर देता येते तसे जाहिरातीला देता येत नाही.

भावकपातीची नक्कल सर्वांत सोपी. त्यासाठी कल्पकता लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, वितरकाला निरोप गेला की काम झाले. उत्तर हुबेहूब असते, त्यामुळे पहिल्याने मिळवलेला फरक पूर्ण पुसला जातो. जाहिरातीचे तसे नाही. एखाद्या पावडरीच्या नावाशी लोकांच्या मनात 'पांढरेशुभ्र कपडे' जोडले गेले, की प्रतिस्पर्ध्याला तेवढाच खर्च करूनही तेच नाते विकत घेता येत नाही. त्याला दुसरे काही शोधावे लागते, आणि तोवर महिने जातात. शिवाय भाव उतरवला की तो सगळ्या पाकिटांवर उतरतो, जी पाकिटे तशीही विकली गेलीच असती त्यांच्यावरसुद्धा. जाहिरातीचा खर्च जुन्या गिऱ्हाइकावरची मिळकत कमी करत नाही. आणि नाव मनात बसले की ते गिऱ्हाईक भावाकडे कमी पाहते, म्हणजे त्या वस्तूची मागणी कमी लवचिक होते. एडवर्ड चेंबरलिन यांनी 1933 साली उत्पादन खर्च आणि विक्री खर्च यांत फरक केला तो यासाठीच. उत्पादन खर्च असलेली मागणी पुरवतो, विक्री खर्च मागणी वक्रालाच हलवतो.

आपल्याच देशातले, याच धंद्यातले उदाहरण घ्या. मार्च 2004 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणि टाइडचे भाव मोठ्या प्रमाणात उतरवले. हिंदुस्थान लिव्हरने लगोलग सर्फचे भाव उतरवले. नेमके आपल्या हिशेबातले घडले: एकीने खाली आणले, दुसरी तिथेच आली. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हरचा नफा बराच घसरला. 2010 च्या सुरुवातीला याच दोन कंपन्या पुन्हा समोरासमोर आल्या, पण यावेळी टीव्हीच्या पडद्यावर. रिनच्या जाहिरातीत टाइड नॅचरल्सचे पाकीट उघड दाखवून रिन अधिक पांढरे धुते असे सांगितले गेले. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेले आणि ती जाहिरात थांबवावी लागली. मला या दोन प्रसंगांतला फरक मोलाचा वाटतो. 2004 मध्ये उत्तर द्यायला नवी किंमत ठरवणे पुरेसे होते. 2010 मध्ये उत्तर द्यायला न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तोवर जाहिरात घरोघरी पोचलेली होती. एका परिच्छेदात हे उदाहरण लिहिणाऱ्या मुलाला मी प्रकारांची अख्खी यादी माफ करीन.

तरीही एक शंका चौकस विद्यार्थी विचारतोच: दोघींनीही जाहिरात केली तर? शंका रास्त आहे आणि आदर्श उत्तरात तिला जागा हवी. आपल्या आकड्यांत पहिलीने रोज 5,000 रुपये जाहिरातीवर घातले आणि विक्री 1,300 झाली, तर 39,000 मधून 5,000 वजा जाता 34,000 उरतात. फायदा आहे. दुसरीनेही तेवढेच घातले आणि दोघींची विक्री 1,050 वर थांबली, तर 31,500 मधून 5,000 जाऊन 26,500 उरतात. म्हणजे सुरुवातीच्या 30,000 पेक्षा कमीच. सापळा इथेही आहे, पण त्याची खोली कमी आहे: भावाच्या लढाईत दोघी 22,000 वर येतात, जाहिरातीच्या लढाईत 26,500 वर. म्हणून 'प्राधान्य' या शब्दाचा अर्थ आवड असा घेऊ नये. दोन तोट्यांतला सोसवणारा तोटा असा तो आहे. अमेरिकेत जानेवारी 1971 पासून सिगारेटच्या टीव्ही आणि रेडिओवरील जाहिरातींवर बंदी आली, तेव्हा कंपन्यांचा जाहिरात खर्च घटला आणि नफा मात्र बुडाला नाही, हे उदाहरण या मुद्द्यासाठी जगभर शिकवले जाते. एकेकटीला थांबवता येत नव्हता तो खर्च कायद्याने सर्वांचा एकदम थांबवला.

मर्यादांबद्दल मला आग्रहाने लिहायचे आहे, कारण मुले हा सिद्धांत निसर्गनियमासारखा मांडतात आणि मग हातातला मोबाइल त्यांना खोटे ठरवतो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली ती भावाची लढाई घेऊनच. आरंभीचे काही महिने सेवा फुकट होती. अल्पाधिकारात भाव पाडत नाहीत, तर हे कसे घडले? उत्तर वरच्याच हिशेबात आहे. भाव पाडण्याचा खरा खर्च म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांवरची गमावलेली मिळकत. नव्याने येणाऱ्याला जुने गिऱ्हाईकच नसते, त्यामुळे त्याला तो खर्च लागू होत नाही. पाठीशी मोठे भांडवल असेल तर तो तोटा सोसून बसू शकतो, आधीच्या कंपन्यांना मात्र कोट्यवधी ग्राहकांवर एकदम भाव उतरवावा लागतो. पुढे 2018 मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या, एअरसेल दिवाळखोरीत गेली, आणि खेळाडू कमी झाल्यावर बाजार पुन्हा शांत झाला.

दुसरी मर्यादा बाकदार वक्राच्या वरच्या टोकाची. जॉर्ज स्टिगलर यांनी 1947 मध्येच दाखवले की प्रत्यक्षात एकाने भाव वाढवला तर बाकीचेही अनेकदा मागोमाग वाढवतात. जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांचे रिचार्ज एकदोन दिवसांच्या अंतराने महाग झाले, ते सोलापुरातल्या प्रत्येक घराने अनुभवले. तिथे बाक नव्हता. शिवाय भाव 100 वर का अडकतो हे बाकदार वक्र सांगतो, पण तो 100 वर आला कसा हे सांगत नाही. दहा गुणांच्या उत्तरात ही दोन वाक्ये असली की परीक्षकाला कळते की मुलगा समजून लिहितो आहे.

तेव्हा माझ्या मते आदर्श उत्तर कसे असावे? व्याख्येला दोन ओळी पुरेत. मग परस्परावलंबन आणि भावकपातीचा हिशेब, लहानशा कोष्टकासह. मग नावे घातलेली आकृती आणि ती वाचून दाखवणारे चार-पाच ओळींचे स्पष्टीकरण. त्यानंतर जाहिरात आणि ब्रँड यांना उत्तर देणे अवघड का, यावर एक भरघोस परिच्छेद आणि एक खरे उदाहरण. शेवटी मर्यादा. प्रकारांची यादी एका वाक्यात बसते. हे सगळे अडीच पानांत होते आणि अर्ध्या तासाच्या आत लिहून होते. परीक्षक म्हणून आम्ही गुणांची विभागणी अशी छापून दिली की गाईडसुद्धा वर्षभरात बदलेल.

आणि एक वाक्य मला उत्तरपत्रिकांतून जावे असे मनापासून वाटते: 'किंमतेतर स्पर्धेमुळे ग्राहकांचा फायदा होतो.' हे बहुधा शेवटी, न तपासता लिहिलेले असते. कधी फायदा होतो हे मी नाकारत नाही. वस्तू खरेच सुधारते, नव्या वस्तूची माहिती मिळते. पण आपल्या उदाहरणात दोन्ही कंपन्यांनी मिळून रोज 10,000 रुपये जाहिरातीवर घातले आणि पाकिटाचा भाव 100 च राहिला. पावडर तीच, पाकीट तेच. भावाची लढाई झाली असती तर रोज पाकीट घेणाऱ्या 2,200 घरांचे प्रत्येकी 10 रुपये वाचले असते. घरात रोजच्या रोज किराणा आणणाऱ्या कामगार बाईला हे दहा रुपये कळतात. तिच्या मुलाला अर्थशास्त्राच्या पेपरात त्याविरुद्ध वाक्य लिहून गुण मिळू नयेत.